भिंतीवर ठोसा, करंगळीचं हाड आणि बोटाचा पीळ: एक्स-रेच्या आधी मूठ बघा

रागाच्या भरात भिंतीवर ठोसा मारून आलेल्या माणसाचा हात बघताना डॉक्टरची नजर पहिल्यांदा जाते ती करंगळीच्या मुळाशी. मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत तळहातात पाच लांब हाडं असतात, त्यांना मेटाकार्पल म्हणतात. मूठ वळली की हाताच्या मागच्या बाजूला जे उंचवटे वर येतात, ती या हाडांची गोल डोकी. डोक्याच्या लगेच खाली हाड बारीक होतं, ती त्याची मान. करंगळीचं मेटाकार्पल या मानेत मोडलं, की त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. कधी अनामिकेचं हाडही तसंच मोडतं, कधी दोन्ही एकदम.

सरावलेल्या बॉक्सरला हे कमी होतं. त्याचा ठोसा सरळ रेषेत जातो आणि तर्जनी व मधल्या बोटाच्या उंचवट्यांवर बसतो. ती दोन हाडं मनगटाशी घट्ट बसलेली असतात, त्यामुळे जोर सरळ हातात उतरतो. रागावलेला माणूस मात्र हात बाजूने फिरवून मारतो. मग भिंतीला आधी लागतात करंगळी आणि अनामिका. करंगळीचं हाड बारीक असतं, बुडाशी हलतं असतं, आणि सगळा भार मानेवर येतो. मान मोडते, डोकं तळहाताकडे झुकतं, आणि तळहातातले छोटे स्नायू त्याला तसंच खाली ओढून धरतात. म्हणून हातानं ओढून बसवलेलं हाडही पुन्हा खाली घसरतं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

मोडलंय की नुसता मार लागलाय?

बोट हलतंय म्हणजे हाड शाबूत आहे, हा समज घराघरात आहे आणि तो चुकीचा आहे. बोट हलवणाऱ्या शिरा, म्हणजे कंडरा, या फ्रॅक्चरमध्ये बहुतेक वेळा धड असतात. त्यामुळे हाड मोडूनही बोट हलतं, दुखतं तेवढंच.

दोन्ही मुठी छातीसमोर एकमेकींशेजारी धरा आणि उंचवट्यांची रांग बघा. चांगल्या हातावर चार उंचवटे दिसतील. मार लागलेल्या हातावर करंगळीचा उंचवटा बसलेला किंवा गायब असेल, तर मानेतून हाड मोडून डोकं खाली झुकलंय असं धरून चाला. हे पहिल्या काही तासांतच नीट दिसतं. नंतर हाताच्या मागे सूज चढते आणि तो खड्डा भरून निघतो. दुसऱ्या दिवशी काळंनिळं उमटतं, कधी ते तळहाताच्या कडेलाही उतरतं.

मग दुसऱ्या हाताच्या एकाच बोटाच्या टोकानं करंगळीच्या हाडावर मनगटाकडून सुरुवात करून हळूहळू पुढे दाबत जा. नुसता मुका मार असेल तर सगळीकडे सारखंच दुखतं. फ्रॅक्चर असेल तर उंचवट्याच्या किंचित मागे एका ठिकाणी माणूस हात झटकन मागे घेतो. करंगळी सरळ ठेवून टोकाकडून मनगटाच्या दिशेनं अलगद दाबली तरी नेमकं तिथंच कळ येते.

सगळ्यात जास्त दुखणारी जागा उंचवट्याजवळ नसून मनगटाजवळ, हाताच्या मागच्या बाजूला करंगळीच्या रेषेत असेल, तर ते मुद्दाम सांगा. भिंतीवरच्या ठोशानं कधीकधी करंगळी आणि अनामिकेच्या हाडांची बुडं मनगटाच्या सांध्यातून निखळतात. समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये ते सहज नजरेतून सुटतं आणि त्याला बहुतेकदा ऑपरेशन लागतं. म्हणून हाताचे तीन एक्स-रे हवेत: समोरून, तिरका आणि अगदी बाजूनं. मानेतलं हाड किती अंशांनी वाकलंय, हेही बाजूच्या एक्स-रेमध्येच कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या एका फोटोवरून "काही नाही, आराम करा" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, मग तो नातेवाईक डॉक्टर का असेना.

आणि ही जखम कशाची?

उंचवट्यावर छोटीशी जरी जखम असेल तरी खरं काय घडलं ते सांगा. भांडणात समोरच्याच्या तोंडावर ठोसा बसलेला असतो, आणि दवाखान्यात "भिंतीला लागलं" असं सांगितलं जातं. पोलिसांची, घरच्यांची भीती समजू शकते. पण दातानं झालेली चार-पाच मिलिमीटरची जखम ही हाताच्या सगळ्यात घातक जखमांपैकी एक आहे. मूठ वळलेली असताना दात कातडी, कंडरा आणि सांध्याचं आवरण भेदून आत जातो. मूठ उघडली की हे थर एकमेकांवरून सरकतात, वरचं भोक आणि आतलं भोक समोरासमोर राहत नाही, आणि तोंडातले जंतू सांध्यात कोंडले जातात. दिसायला खरचटल्यासारखं, पण एक-दोन दिवसांत सांधा पुवानं भरू शकतो.

अशी जखम टाके घालून बंद करायची नसते. ती उघडून, आत बघून, धुवावी लागते, अँटिबायोटिक लागतं, धनुर्वाताचं इंजेक्शन बघावं लागतं. खाली हाड मोडलेलं असेल तर ते उघडं फ्रॅक्चर धरून त्याच दिवशी उपचार व्हायला हवेत. काचेवर किंवा टाइल्सवर ठोसा मारला असेल तर काचेचा तुकडा आत राहिलाय का आणि कंडरा कापली गेलीय का, हे तपासायला लागतं. कातडी न फाटलेलं, निव्वळ बंद फ्रॅक्चर असेल तर एक रात्र थांबायला हरकत नाही. जखम असेल तर थांबू नका.

दवाखान्यात जाईपर्यंत

पहिलं काम अंगठी काढणं. सूज चढल्यावर ती निघत नाही, मग कापावी लागते. अनामिकेतली, लग्नातली असली तरी आत्ताच काढा. निघत नसेल तर साबणाचं पाणी लावून फिरवत काढा.

कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं ठेवा, दोन-तीन तासांनी पुन्हा ठेवा. हात छातीच्या वर ठेवा, झोपताना उशीवर. लटकत ठेवलेला हात दुप्पट सुजतो. यकृताचा आजार नसलेल्या प्रौढ माणसानं ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दर सहा ते आठ तासांनी घेतली तर चालते.

तात्पुरता आधार द्यायचा तर करंगळी आणि अनामिकेच्या मध्ये कापसाची किंवा गॉजची घडी ठेवा, म्हणजे घामानं कातडी सोलणार नाही. मग दोन्ही बोटं चिकटपट्टीनं जोडा: एक पट्टी पहिल्या पेरावर, एक मधल्या पेरावर, सांधे मोकळे. त्यानंतर घडी केलेलं जाड मासिक हाताच्या करंगळीकडच्या कडेला, बोटांपासून कोपराच्या अलीकडेपर्यंत लावून वरून क्रेप बँडेज सैलसर गुंडाळा. बोटांची टोकं दिसती ठेवा. हाड ओढून सरळ करायचा प्रयत्न करू नका.

हाडवैद्याकडे जायचा आग्रह घरातून होतोच. पण गावाकडे मी जे त्रास बघितले ते बहुतेक एकाच गोष्टीमुळे: तेलानं चोळणं आणि वरून बांबूच्या पट्ट्या कचकचून आवळणं. ताज्या मोडीवर चोळलं की आतलं रक्त आणि सूज वाढते, आणि आवळलेल्या पट्टीखाली त्या सुजेला जागाच नसते. बोटं बधिर, फिकट किंवा निळसर होत असतील, किंवा बोट दुसऱ्यानं अलगद सरळ केल्यावर हाताच्या आत असह्य कळ येत असेल, तर बांधलेलं सगळं सोडा आणि तडक मोठ्या दवाखान्यात जा.

वाकलेलं चालतं, पिळलेलं चालत नाही

एक उदाहरण घेतो. एका कारखान्यात लेथवर काम करणारा २१ वर्षांचा मुलगा. मित्राशी वाद झाला, कारखान्याच्या काँक्रीटच्या खांबावर उजव्या हाताचा ठोसा मारला. दोन दिवस हळदीचा लेप लावला, तिसऱ्या दिवशी आई घेऊन आली. हात सुजलेला, उंचवटा बसलेला, जखम नाही. एक्स-रेमध्ये करंगळीच्या मेटाकार्पलची मान मोडलेली आणि ३० अंशांनी तळहाताकडे झुकलेली. नुसता एक्स-रे बघून कुणीही म्हणेल की हे साधं आहे.

मग त्याला हळूहळू मूठ वळायला सांगितलं. दुखत होतं, अर्धीच वळली. पण तेवढ्यातही दिसलं की करंगळी अनामिकेच्या खाली शिरत होती. डाव्या हाताची मूठ वळली तर चारही बोटं शेजारी शेजारी नीट बसत होती.

आईनं विचारलं, "अहो डॉक्टर, हाड एवढं वाकडं झालंय ते तुम्हाला चालतंय, आणि बोट जरासं तिरकं आहे ते चालत नाही?"

हो, नेमकं असंच. करंगळीच्या हाडाच्या बुडाशी, मनगटाजवळ, एक सांधा आहे आणि तो पुढे-मागे २० ते ३० अंश हलतो. तळहाताचा खळगा करून पाणी घेताना करंगळीची कड वर येते ती याच सांध्यामुळे. हाड पुढे झुकून जुळलं, तर हा सांधा आणि बोटाच्या मुळाचा सांधा मिळून तो फरक भरून काढतात. उंचवटा कायमचा बसलेला दिसेल, पण कामाला फारसं अडत नाही. म्हणून करंगळीत ४० ते ५० अंशांपर्यंतचा बाक बहुतेक डॉक्टर तसाच ठेवतात, काही सर्जन ७० पर्यंतही थांबतात. अनामिकेत ३० ते ४०. तर्जनी आणि मधल्या बोटांच्या हाडांची बुडं जवळपास हलतच नाहीत, म्हणून तिथे १५-२० अंशांच्या पुढे सोडत नाहीत.

पीळ वेगळा. हाडाचा पुढचा तुकडा स्वतःभोवती फिरून जुळला, तर तो फरक भरून काढणारा सांधा हातात नाही. आणि हाडातला थोडा पीळ टोकाला खूप मोठा होतो. मेटाकार्पलमध्ये ५ अंशांचा पीळ असेल तर मूठ वळल्यावर बोटाचं टोक शेजारच्या बोटावर साधारण दीड सेंटीमीटर चढतं. बोटं सरळ असताना मात्र काहीच दिसत नाही. एक्स-रेमध्येही ते जवळपास दिसत नाही. प्लास्टर निघाल्यावर माणूस हातोडा, क्रिकेटची बॅट, बादलीची कडी पकडायला जातो, आणि करंगळी अनामिकेखाली अडकते. तोवर हाड जुळलेलं असतं.

म्हणून पीळ कसा बघायचा ते सविस्तर सांगतो. घरच्यांनाही हे करता येतं, आणि मी प्रत्येकाला करून दाखवतो.

मूठ पूर्ण वळता येत असेल तर दोन्ही हात समोर धरून हळूहळू वळा. एकेक बोट वेगळं वळलं तर प्रत्येकाचं टोक अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या घडीजवळ लागणाऱ्या हाडाच्या छोट्या टेंगळाकडे झुकतं. चारही एकदम वळली की ती एकमेकांना चिकटून पण न ओलांडता बसायला हवीत. करंगळी अनामिकेच्या खाली किंवा वर जात असेल तर पीळ आहे. करंगळी आणि अनामिकेत उगाच मोठी फट पडत असेल तर उलट्या दिशेचा पीळ आहे, आणि हा जास्त वेळा नजरेतून सुटतो.

दुखण्यामुळे मूठ वळतच नसेल, तर बोटं निम्मी वाकवून नखांकडे समोरून बघा. टेबलावर हात ठेवून डोळे नखांच्या पातळीवर आणा. चारही नखं एका ओळीत, जवळजवळ एकाच पातळीत दिसायला हवीत. करंगळीचं नख बाजूला कलंडलेलं दिसलं तर शंका घ्या. लगेच दुसऱ्या हाताशी ताडून बघा, कारण काही जणांची करंगळी जन्मतःच थोडी वाकडी असते आणि ती बहुतेकदा दोन्ही हातांची असते.

तेही जमत नसेल तर कोपर टेबलावर टेकवून मनगट हळूहळू मागे वाकवा. कंडरा ताणल्या जाऊन बोटं आपोआप थोडी मिटतात, आणि कुणी जोर न लावताही ती कोणत्या दिशेनं जातात ते दिसतं. एवढं करूनही खात्री होत नसेल तर डॉक्टर मनगटाजवळची नस बधिर करून पुन्हा बघतात. सूज उतरल्यावर ही तपासणी पुन्हा करायची असतेच. पहिल्या दिवशीच्या सुजेत बोटं इतकी जाड असतात की पीळ झाकला जातो.

या मुलाच्या हाताला असंच केलं. मनगटापाशी करंगळीची नस बधिर केली. बोटाच्या मुळाचा आणि मधला असे दोन्ही सांधे काटकोनात वाकवले, मग वाकलेल्या बोटानं मागच्या दिशेला ढकलून डोकं वर आणलं आणि दुसऱ्या हातानं हाताच्या मागून हाडाचा दांडा दाबला. त्याच वेळी वाकलेलं बोट दांड्यासारखं फिरवून त्याचं टोक मनगटाच्या त्या टेंगळाकडे आणलं, आणि मूठ वळून दोन्ही हात ताडून पाहिले. आता नखं एका ओळीत होती. करंगळी जोडपट्टीनं अनामिकेला बांधली, वरून स्लॅब, म्हणजे ज्याला आपल्याकडे कच्चं प्लास्टर म्हणतात, तो घातला आणि पुन्हा एक्स-रे काढला: बाक १५ अंशांवर आलेला, पीळ नाही.

एका खबरदारीची गोष्ट. हाड बसवताना बोट दोन काटकोनांत धरलं जातं म्हणून तसंच प्लास्टरमध्ये ठेवायची पद्धत पूर्वी होती. त्यात मधल्या सांध्यावरची कातडी दाबून मरते आणि तो सांधा कायमचा वाकडा राहतो. हाड बसवायची ही रीत आहे, बांधून ठेवायची नाही.

आधार: पट्टी की स्लॅब

बाक चालण्यासारखा असेल, पीळ नसेल आणि जखम नसेल, तर करंगळी-अनामिका जोडून बांधणं आणि लगेच हलवायला लावणं हेही पुरेसं असतं. प्लास्टर आणि नुसती जोडपट्टी यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत हाताच्या कामात काही महिन्यांनी फारसा फरक दिसलेला नाही, आणि पट्टीवाले लवकर कामावर परततात. तरी मी काही लोकांना मुद्दाम स्लॅब घालतो. पहिला आठवडा फार दुखत असेल, हाड नुकतंच बसवलं असेल, किंवा समोर बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी पोती उचलायला जाणार हे दिसत असेल, तर पट्टीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

स्लॅब करंगळीच्या कडेनं पन्हाळीसारखा घालतात. तो करंगळी आणि अनामिका दोन्हींना धरून टोकांपर्यंत जातो आणि वर कोपराच्या थोडा अलीकडे संपतो. पहिल्या काही दिवसांत सूज वाढणार असल्यानं पूर्ण गोल पक्कं प्लास्टर घालत नाहीत. आत कापूस, दोन बोटांमध्ये गॉज, आणि हाताची ठेवण अशी: मनगट २० ते ३० अंश मागे, बोटांच्या मुळाचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले, आणि पुढची पेरं अगदी सरळ. लहानपणी भिंतीवर सावलीत बदकाची चोच काढतात, बोटं तशी दिसायला हवीत.

ही ठेवण दिसायला विचित्र असली तरी कारण पक्कं आहे. मुळाच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना बंध असतात. सांधा वाकला की ते ताणलेले असतात, सरळ असला की सैल. सैल अवस्थेत तीन आठवडे बांधले तर ते आखडतात आणि मग मूठ वळत नाही. पुढच्या सांध्यांचं उलट आहे, ते वाकलेले बांधले तर सरळ होत नाहीत. म्हणून स्लॅब घालून आल्यावर घरी एकदा बघा. हात सपाट पट्टीसारखा, चारही बोटं सरळ पुढे, असा बांधलेला असेल तर दुसऱ्या दिवशीच परत जा आणि विचारा. तीन आठवड्यांनी विचारून उपयोग नाही. आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट मोकळं असायला हवं. ती पहिल्या दिवसापासून हलवत राहा.

बांधल्यावर रात्रीत दुखणं वाढत गेलं, टोकं बधिर झाली किंवा गार पडली, तर बँडेज कापून सैल करा. फक्त वरची पट्टी कापून भागत नाही, आतला कापसाचा रोलही कातडी दिसेपर्यंत कापा. सुकलेल्या रक्तानं कडक झालेला कापूसच बऱ्याचदा आवळत असतो. प्लास्टर ओलं होऊ देऊ नका, अंघोळीला प्लास्टिकची पिशवी बांधा. खाज सुटली म्हणून आत विणकामाची सुई घालणारे पेशंट दरवर्षी भेटतात. जखम होते, बाहेर दिसत नाही, वास आल्यावर कळतं.

पुढचे आठवडे

सातव्या दिवसाच्या आसपास पुन्हा एक्स-रे आणि पुन्हा मुठीची तपासणी. हा टप्पा चुकवू नका, कारण बसवलेलं हाड याच काळात घसरतं. त्या मुलाच्या या एक्स-रेमध्ये बाक १५ वरून २८ अंशांवर आला होता. आई घाबरली, पण ते अपेक्षितच होतं, आतले स्नायू ओढतच असतात. स्लॅब सोडून मूठ वळून बघितली, नखं एका ओळीत होती. म्हणून पुन्हा हाड न बसवता तोच स्लॅब पुढे चालू ठेवला. पीळ परत आला असता तर त्याच आठवड्यात ऑपरेशन ठरलं असतं.

स्लॅब साधारण तीन ते चार आठवडे ठेवतात. काढायचा की नाही हे हाडावर दाबून ठरतं. दाबल्यावर दुखणं जवळजवळ गेलेलं असेल आणि बोट हलवताना मोडीच्या जागी हालचाल जाणवत नसेल, तर काढायचा. त्या वेळी एक्स-रेमध्ये मोडीची रेघ अजून दिसते, त्यानं घाबरू नका. हाड आतून जुळल्यावरही रेघ महिनाभर तरी दिसत राहते.

काढल्यानंतर करंगळी अनामिकेला आणखी दोन-तीन आठवडे पट्टीनं जोडून ठेवा आणि रोज मूठ वळा. कोमट पाण्यात हात बुडवून दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहा-बारा वेळा पूर्ण मूठ वळायची आणि पूर्ण उघडायची, एवढंच. बोटं सरळ ठेवून फक्त मुळाचे सांधे वाकवायचे आणि मग उलट, मुळाचे सांधे सरळ ठेवून पुढची पेरं वाकवायची, या दोन हालचाली वेगळ्या करा. सांधे मोकळे झाल्यावरच मऊ चेंडू दाबायला घ्या. सुरुवातीला करंगळी पूर्ण सरळ होत नाही, काही अंश कमी पडते. बाक राहिलेला असेल तर हे जास्त दिसतं, कारण हाड आखूड झाल्यानं मागची कंडरा ढिली पडते. बहुतेकांत ते काही महिन्यांत बरंच सुधारतं.

मोटरसायकलचा प्रश्न हमखास येतो. स्लॅब असताना चालवायची नाही. उजवा हात असेल तर अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, डावा असेल तर क्लच, दोन्ही बोटांच्या जोरावर चालतात आणि एकदा झटका बसला की जुळणारं हाड सुटतं. मूठ पूर्ण वळून ब्रेकचा दांडा न दुखता पूर्ण दाबता आला की मग चालवा. हलकं काम सहसा सहा आठवड्यांच्या आसपास जमतं. जड वजन, कबड्डी, क्रिकेटमधला यष्टीरक्षक किंवा बॉक्सिंगचा सराव यासाठी आठ ते बारा आठवडे थांबा. लेथवरच्या त्या मुलाला सहाव्या आठवड्यात कामावर सोडलं, पण जड जॉब उचलायला अजून दोन आठवडे मनाई केली होती.

तळहाताच्या बाजूला झुकलेलं डोकं कधीकधी कायमचं टेंगूळ म्हणून राहतं. हातोडा, फावडं किंवा कोयता रोज धरणाऱ्याला ते दांड्याखाली खुपतं. लिहिण्याचं काम करणाऱ्याला तितकाच बाक कळतही नाही. म्हणून ४५ अंशांचा बाक ठेवायचा की तार टाकून बसवायचा, हे ठरवताना पेशंटचं काम विचारायलाच हवं. कुणी विचारलं नाही तर तुम्ही सांगा.

ऑपरेशन केव्हा

पीळ हातानं सुटत नसेल किंवा सुटून परत येत असेल, जखम आत हाडापर्यंत असेल, मोड सांध्यात शिरलेली असेल, एकापेक्षा जास्त हाडं मोडलेली असतील, किंवा बाक फारच जास्त असेल, तर ऑपरेशन. करंगळीच्या मानेसाठी बहुतेकदा बारीक तारा वापरतात. कधी त्या बुडाकडून हाडाच्या पोकळीत सरकवतात, कधी बाजूनं शेजारच्या हाडात घालतात. तारांची टोकं कातडीबाहेर ठेवली असतील तर त्या साधारण चार आठवड्यांनी ओपीडीतच काढतात, पण तोवर त्या जागा कोरड्या ठेवाव्या लागतात. आत बसवायचा स्क्रू किंवा छोटी प्लेट हेही पर्याय आहेत. प्लेटवर कंडरा चिकटून बोट आखडण्याचा धोका असतो, म्हणून मानेच्या मोडीला ती पहिली पसंती नसते. टेबलवर भूल असतानाच सर्जननं मूठ वळवून बोटं ताडून बघायची असतात, कारण तार पिळातच बसली तर पीळ पक्का होतो.

महिन्या-दोन महिन्यांनी, हाड जुळल्यावर, करंगळी अडकते हे लक्षात आलं तर व्यायामानं किंवा मालिशनं ती सुटत नाही. मेटाकार्पल बुडाजवळ कापून, पुढचा भाग फिरवून, प्लेट किंवा तारांनी पुन्हा बसवावा लागतो. पहिल्या तीन आठवड्यांत हाड अजून कोवळं असतं, तेव्हा हेच काम मूळ मोडीतूनच करता येतं. करंगळी अडकतेय असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता मूठ वळून त्याचा फोटो काढा, दुसऱ्या हाताच्या मुठीसह, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.